पाच भाल्यांची भिंत आणि उघडी बगल

मॅसिडोनियाच्या फॅलँक्सवर समोरून चालून जाणाऱ्या रोमन सैनिकाला किती भाल्यांना तोंड द्यावे लागत असेल? ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने याचा सरळ हिशेब मांडला आहे. तलवार फिरवायची, ढाल पुढेमागे करायची म्हणून रोमन सैनिकाला साधारण सहा फूट जागा लागे. फॅलँक्समधला सैनिक तीन फुटांत उभा राही. म्हणजे एका रोमनासमोर दोन शत्रू. पण त्या दोघांच्या मागे आणखी चार रांगांतले भाले पुढे आलेले असत, त्यामुळे त्याच्यावर रोखलेली टोके दहा व्हायची. ती सगळी तोडायला किंवा बाजूला सारायला त्याच्या हातात होती एक तलवार.

हे शक्य झाले ते सारिसा या लांब भाल्यामुळे. पॉलिबियसच्या काळात त्याची लांबी सुमारे एकवीस फूट होती. एका हाताने तो पेलणे अशक्य, म्हणून दोन्ही हात त्यात गुंतलेले. छोटी ढाल गळ्यातल्या पट्ट्याने खांद्यावर टांगलेली. भाल्याच्या मागच्या टोकाला धातूचे वजनदार टोपण असे. त्याने तोल सांभाळला जाई आणि पकड बरीच मागे घेता येई. पहिल्या रांगेतला भाला अंगापुढे पंधरा फूट जाई, दुसऱ्या रांगेतला त्याच फळीपुढे बारा, तिसऱ्याचा नऊ, चौथ्याचा सहा, पाचव्याचा तीन फूट. त्यामागच्या रांगांचे भाले शत्रूपर्यंत पोचत नसत. ते तिरपे वर धरले जात आणि वरून येणारे बाण व फेकभाले त्यांत अडकत. नेहमीची खोली सोळा रांगांची. मागच्यांचा भार पुढच्यांच्या पाठीशी असल्याने पुढच्या सैनिकाला माघार घ्यायची इच्छा झाली तरी वाट नसे.

सपाट मैदानावर या फळीला समोरून भेदणे जवळजवळ अशक्य होते. शत्रूची तलवार पोचायच्या कितीतरी आधी भाला त्याच्या छातीवर टेकलेला असे.

पण ही सगळी ताकद एकाच दिशेची. तीन फुटांच्या चौकोनात उभ्या असलेल्या माणसाला एकवीस फुटांचा दांडा आडवा फिरवायचा तर तो शेजाऱ्यांच्या भाल्यांत अडकणार. वळायचे असेल तर आधी सगळ्यांनी भाले उभे करायचे, मग एकदम वळायचे, मग पुन्हा खाली आणायचे. कवायतीच्या मैदानावर हे जमे. चालत्या लढाईत, समोर शत्रू भिडलेला असताना नाही. बाजूने कोणी आत शिरला तर भाला टाकून कमरेची आखूड तलवार उपसायची, एवढाच मार्ग उरे. शिवाय बगल म्हणजे फळीचे टोक. तिथे शत्रूकडे तोंड असलेला भाला एकही नसे.

अलेक्झांडरला ही गोष्ट पुरेपूर ठाऊक होती. त्याने फॅलँक्सला एकटे कधी लढू दिले नाही. फळीचे काम शत्रूला जागेवर खिळवून ठेवण्याचे. निर्णायक घाव घोडदळाने घालायचा आणि बगलाही घोडदळानेच राखायच्या. गौगामेलाच्या लढाईत त्याच्याकडे सुमारे चाळीस हजार पायदळ आणि सात हजार घोडेस्वार होते. झेलमच्या काठी इ.स.पू. 326 मध्ये पोरसाशी लढतानाही त्याने आधी घोडदळ भारतीय सैन्याच्या डाव्या बगलेवर घातले. तिथे गोंधळ उडेपर्यंत फॅलँक्सने पुढे जायचे नाही, असा त्याचा हुकूम होता. पुढच्या राजांनी हे प्रमाण राखले नाही. भाले लांब होत गेले, घोडदळ आटत गेले.

त्याची किंमत इ.स.पू. 197 मध्ये थेसालीत चुकवावी लागली. पाचवा फिलिप आणि रोमन सेनापती फ्लामिनिनस यांची सैन्ये किनोस्केफलाय नावाच्या टेकड्यांच्या दोन बाजूंना होती. फिलिपकडे साडेपंचवीस हजारांच्या आसपास माणसे होती. त्यांतले सोळा हजार फॅलँक्सचे, घोडेस्वार मात्र जेमतेम दोन हजार. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी धुके इतके दाट की दोन्हीकडच्या पुढच्या तुकड्या माथ्यावर अवचित एकमेकींना भिडल्या. चकमक वाढत गेली. आपली माणसे जिंकत असल्याचे निरोप येऊ लागले तसा फिलिप मनाविरुद्ध लढाईत उतरला. जागा आपल्या सोयीची नाही, हे तो जाणून होता.

उजवे अर्धे फॅलँक्स घेऊन तो आधी माथ्यावर पोचला. त्याने फळीची खोली दुप्पट केली, भाले खाली घ्यायला सांगितले आणि उतारावरून रोमनांच्या डाव्या बाजूवर सोडले. ठरल्याप्रमाणेच झाले: रोमन मागे मागे रेटले जाऊ लागले. मात्र डावे अर्धे अजून चढतच होते. ते प्रवासाच्या रांगेत, विस्कळीत, भाले खांद्यावर असे माथ्यावर येत होते. फ्लामिनिनसने आपली हरती बाजू सोडली, उजवीकडे धाव घेतली आणि हत्ती पुढे घालून याच अर्धवट जमलेल्या फळीवर हल्ला केला. फळी बनण्याआधीच ती फुटली.

आता रणांगणावर दोन वेगवेगळ्या लढाया चालू होत्या. एकीत रोमन जिंकत होते, दुसरीत हरत होते. जिंकणाऱ्या बाजूच्या एका ट्रिब्यूनने, ज्याचे नाव इतिहासात उरले नाही, पळणाऱ्यांचा पाठलाग सोडून वीस तुकड्या वळवल्या. रोमन सैन्य साधारण एकशे वीस माणसांच्या छोट्या तुकड्यांत बांधलेले होते, त्यामुळे अशा तुकड्या मूळ फळीतून सुटून स्वतंत्रपणे लढू शकत. ही दोनेक हजार माणसे फिलिपच्या विजयी उजव्या फळीच्या पिछाडीवर, उंचावरून कोसळली. मागच्या रांगांना वळता आले नाही. पुढचे अजून उताराकडे रेटतच होते, मागचे मारले जात होते. मग भाले टाकून पळापळ सुरू झाली.

काही मॅसिडोनियन सैनिकांनी भाले सरळ उभे धरले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे ही शरणागती होती. फ्लामिनिनसला ती समजली तेव्हा त्याने त्यांना वाचवायचे ठरवले, पण तोवर काही रोमन त्यांच्यावर तुटून पडले होते. पॉलिबियसच्या आकड्यांनुसार मॅसिडोनियाचे आठ हजार मेले, पाच हजार पकडले गेले. रोमनांचे सुमारे सातशे.

बगलेतून आत शिरायला नेहमी फळीला वळसाच घालावा लागे असेही नाही. इ.स.पू. 168 मध्ये पिडना येथे राजा पर्सियसचे फॅलँक्स सपाटीवर चाल करत आले, तेव्हा रोमन बाजूच्या पेलिग्नी सैनिकांनी तलवारीने भाले तोडायचा, ढालींनी दाबायचा, नुसत्या हातांनी बाजूला सारायचा प्रयत्न केला आणि ते कापले गेले. सेनापती एमिलियस पॉलस पुढे म्हणे की याहून भयंकर दृश्य आपण पाहिले नाही. पण फळी पुढे सरकत उंचसखल जमिनीवर आली. कुठे ती वेगाने पुढे गेली, कुठे मागे राहिली आणि रांगेत फटी पडल्या. पॉलसने तुकड्यांना सुटे सुटे होऊन त्या फटींत घुसायला सांगितले. प्रत्येक फट म्हणजे आणखी दोन उघड्या बगला होत्या. आत शिरलेल्या रोमनाकडे अंग झाकणारी मोठी ढाल आणि जवळून भोसकणारी तलवार होती. त्याच्यासमोरच्या माणसाच्या हातात मात्र आता निरुपयोगी ठरलेला एकवीस फुटांचा भाला. खरी लढाई तासाभरातच आटोपली आणि मॅसिडोनियाचे वीस हजारांहून अधिक सैनिक तिथे मारले गेले.