शालू नेमका कधी मिळणार?

घरून कपडे नेऊन धुऊन आणून देणाऱ्या दुकानांच्या जाहिराती हल्ली एफएम रेडिओवर ऐकू येतात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरतात. ‘झटपट सेवा’, ‘घरबसल्या सोय’, ‘24 तासांत डिलिव्हरी’ हे शब्द त्यांत हमखास असतात. ते ऐकून माणूस फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘शालू कधी मिळेल?’ जाहिरातीचं काम या प्रश्नाचं उत्तर देणं हेच होतं. ते द्यायचं राहिलं असेल, तर जाहिरात लिहिणाऱ्याने दुकानाचं कामकाज पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं.

अशी संहिता लिहायला बसण्याआधी कपड्याचा प्रवास कागदावर मांडावा लागतो. एक लहान दुकान डोळ्यांसमोर आणू. रोजचं धुणं आणि इस्त्री दुकानातच होते. ड्रायक्लीनिंगची यंत्रं महाग असल्याने ते कपडे गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात जातात. कारखान्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येते, आधीच्या खेपेचे तयार कपडे देते आणि नवे घेऊन जाते. दुकानाचा माणूस रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत घरोघरी फिरतो, कपडे घेतो आणि तयार झालेले पोचवतो.

मालक सांगतात, ‘ड्रायक्लीनिंग 4 दिवसांत, असं लिहा.’ ते खोटं बोलत नाहीत. सोमवारी संध्याकाळी उचललेला कोट मंगळवारच्या गाडीने जातो, शुक्रवारी परत येतो आणि त्याच संध्याकाळी घरी पोचतो. बरोबर 4 दिवस झाले. पण तोच कोट मंगळवारी संध्याकाळी उचलला, तर गाडी दुपारीच निघून गेलेली असते. तो शुक्रवारपर्यंत दुकानात पडून राहतो आणि पुढच्या मंगळवारी मिळतो. म्हणजे 7 दिवस. बुधवारी दिला तर 6, गुरुवारी 5, शुक्रवारी पुन्हा 7, शनिवारी 6, रविवारी 5. आठवड्यातल्या 7 दिवसांपैकी एकाच दिवशी मालकांचं वचन खरं ठरतं. उरलेल्या 6 दिवसांचे ग्राहक रागावून फोन करणार आणि त्यांचं काही चुकलेलं नसणार.

प्रत्यक्ष ड्रायक्लीनिंगला फार वेळ लागत नाही, हे इथे सांगायला हवं. कपडे पाण्याऐवजी तेलकटपणा विरघळवणाऱ्या द्रावकात घोळवायचे आणि त्याच यंत्रात वाळवायचे, हे काम साधारण तासाभरात उरकतं. बाकीचे दिवस जातात ते गाडीची वाट बघण्यात, खुणेची चिठ्ठी लावण्यात, फिके आणि गडद कपडे वेगळे करण्यात, यंत्र भरेल इतका माल जमण्यात, डाग हाताने काढण्यात आणि शेवटी इस्त्रीत. म्हणून ‘आमची यंत्रं अत्याधुनिक’ या वाक्याने ग्राहकाचा एक तासही वाचत नाही. गाडी आठवड्यातून तीनदा येऊ लागली तर मात्र दिवस वाचतात.

मग संहितेत लिहायचं काय? ‘4 ते 7 दिवस’ हे प्रामाणिक आहे, पण त्यावर कोणाला लग्नाची तयारी आखता येणार नाही. ‘जास्तीत जास्त 7 दिवस’ यात सोमवारच्या ग्राहकाचा फायदा झाकला जातो. मला सर्वांत चांगली वाटते ती वाराची भाषा. तासांनी सांगितलेल्या वेळेत घोळ असतो: 48 तास मोजायचे ते फोन केल्यापासून, कपडे उचलल्यापासून, की कारखान्यात पोचल्यापासून? वार सांगितला की तो घोळ उरत नाही. 30 सेकंदांत संथपणे वाचता येईल असा मजकूर मी असा लिहीन:

‘धुवायचे कपडे घेऊन दुकानात यायची गरज नाही. दुपारी 4 पर्यंत फोन करा. संध्याकाळी 7 ते 9 मध्ये आमचा माणूस येईल, तुमच्यासमोर कपडे मोजून पावती देईल. धुणं-इस्त्री परवा संध्याकाळी घरपोच. ड्रायक्लीनिंग मंगळवार ते गुरुवार दिलंत, तर येत्या मंगळवारी. शुक्रवार ते सोमवार दिलंत, तर येत्या शुक्रवारी. डाग असेल तर देतानाच सांगा. पैठणीची तारीख पावतीवर लिहून मिळेल.’

यात ‘सोय’ हा शब्द कुठेही नाही. नोकरी करणाऱ्या घराला संध्याकाळी 7 ते 9 ही वेळ सोयीची आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. कपडे समोर मोजले जाणार, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण कपडे नजरेआड जाणार असले की एखादा हरवण्याची भीती मोठी असते.

डागाचं वाक्य पुष्कळ मालक काढून टाकायला सांगतात. नकारात्मक वाटतं म्हणतात. ते मुळीच काढू नये. द्रावकाने तेल-तूप निघतं, पण सरबत किंवा गोड चहा यांतली साखर त्यात विरघळत नाही. वाळलेला सरबताचा डाग डोळ्यांना दिसतही नाही. इस्त्रीच्या उष्णतेने मात्र ती साखर तपकिरी होते आणि ग्राहकाला वाटतं, दुकानदारानेच साडीवर डाग पाडला. देतानाच सांगितलं तर कारखान्यात तेवढी जागा आधी पाण्याने साफ करता येते. पैठणीचा जरीकाठ वेगळा हाताळावा लागतो, म्हणून तिला ठरावीक वार देऊ नये.

पावसाळ्यात संहिता बदलावी लागते. दुकानात कपडे वाळवायचं यंत्र नसेल, दोरीवरच भिस्त असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये ‘परवा संध्याकाळी’ हे वचन टिकत नाही. तेवढ्यापुरतं ‘तिसऱ्या दिवशी’ असं पुन्हा ध्वनिमुद्रित करावं. दिवाळीत कारखाना बंद असेल, तर तेही जाहिरातीतच सांगावं. ‘अटी लागू’ म्हणून भरभर पुटपुटणं हा त्यावरचा उपाय नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की खुलासा मूळ दाव्याच्या विरुद्ध जाता कामा नये आणि तो दाव्याच्याच भाषेत हवा. 4 दिवस मोठ्याने आणि 7 दिवस हळू आवाजात, हे त्यात बसत नाही.

मजकूर तयार झाला की तो दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाला एकदाच वाचून दाखवावा आणि विचारावं, ‘आज गुरुवार आहे, शालू आज दिला तर कधी मिळेल?’ त्याने ‘मंगळवारी’ असं लगेच सांगितलं तर संहिता तयार आहे. तो अडखळला तर वाक्य पुन्हा लिहावं. श्रोत्याला मागे जाऊन ऐकायची सोय नसते.

ग्राहकांनीही पावतीवर कपड्यांच्या संख्येबरोबर परत मिळण्याची तारीख लिहून घ्यावी. घरी लग्न रविवारी असेल, तर या दुकानात शालू त्याआधीच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायला हवा. मंगळवारी दिलेला लग्नानंतर मिळेल.