जन्मतारखेतील फरक : आधी मूळ नोंद, मग पासपोर्ट

पासपोर्टच्या अर्जात लिहिलेली जन्मतारीख जोडलेल्या प्रत्येक कागदाशी जुळावी लागते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि पॅन कार्डावर तिसरी तारीख असेल, तर पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज तिथेच अडकतो. हा फरक अर्ज भरण्यापूर्वीच मिटवावा लागतो, आणि त्याची सुरुवात सर्वांत जुन्या नोंदीपासून करावी लागते.

कोणती तारीख प्रमाण धरायची, हे अर्जदाराच्या जन्मवर्षावरही अवलंबून असते. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला फक्त जन्म प्रमाणपत्र चालते. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड यांसारखे कागदही देता येतात. मात्र हे बहुतेक कागद एकमेकांवरून तयार झालेले असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमधून येते, आणि हायस्कूलच्या रजिस्टरातली तारीख प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून. त्यामुळे चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरली, हे आधी शोधावे लागते.

त्यासाठी दोन उतारे मिळवावेत : ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेतील जन्मनोंदीचा, आणि पहिल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा. उदाहरणार्थ, एका मुलीची जन्मनोंद 16 ऑक्टोबर 1991 अशी आहे आणि प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातही तीच तारीख आहे. हायस्कूलच्या दाखल्यावर मात्र 16/10 ऐवजी 16/01 उतरले आहे. तीच तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि तिथून पॅनवर गेली. आधार काढताना कागद हाताशी नव्हते, म्हणून तिथे 01/01/1991 लागली. चार कागदांवर चुकीची तारीख असली, तरी तिची मुळे दोनच आहेत : हायस्कूलमधील नकलेची चूक आणि आधारवरील अंदाज.

अशा वेळी पहिला अर्ज हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे करायचा. सोबत जन्म प्रमाणपत्र आणि प्राथमिक शाळेचा उतारा जोडायचा. मुख्याध्यापक प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मंजुरी आल्यावर रजिस्टर दुरुस्त होते आणि त्याआधारे विभागीय मंडळाकडे दहावीच्या प्रमाणपत्रातील दुरुस्ती मागता येते. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातील तारीख बदलत नाही, असे उत्तर अनेकांना मिळते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, की उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यावरही दुरुस्त करता येते. वरील उदाहरणात जुन्या रजिस्टरातील नोंदच चूक उघड करते, म्हणून ते या सवलतीत बसते. याउलट, शाळेत घालताना गुरुजींनीच 1 जून अशी तारीख लिहिली असेल आणि पुढे सगळीकडे तीच गेली असेल, तर ती नकलेची चूक ठरत नाही. तेथे जन्मनोंदीचा भक्कम पुरावा लागतो आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकते.

चूक जन्मनोंदीतच असेल, तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे निबंधकांकडे अर्ज करावा लागतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतात आणि नवे प्रमाणपत्र त्यानुसार मिळते.

मूळ कागद नीट झाल्यावरच आधारकडे वळावे. आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती संधी चुकीच्या दाखल्यावर खर्च झाली, तर पुढच्या दुरुस्तीसाठी आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे कारणे मांडावी लागतात. त्यानंतर पॅन दुरुस्त करावे. पॅन आणि आधारवरील तारखा जुळत नसतील, तर त्यांची जोडणीही होत नाही.

नुसत्या प्रतिज्ञापत्राने किंवा राजपत्रातील जाहिरातीने रजिस्टरातील तारीख बदलत नाही. त्यात अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे असते. नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने दुरुस्ती केल्याशिवाय मूळ कागद तसाच राहतो.

पासपोर्ट आधीच चुकीच्या तारखेने निघाला असेल, तर त्याच पुस्तिकेत दुरुस्ती होत नाही. वैयक्तिक तपशिलातील बदलासाठी पुनर्वितरणाचा अर्ज करून नवा पासपोर्ट घ्यावा लागतो. फरक लिखाणातील चुकीमुळे पडला आहे की फायद्यासाठी पाडला आहे, हे पासपोर्ट अधिकारी तपासतात आणि समाधान न झाल्यास अर्ज नाकारू शकतात. जुन्या पासपोर्टची माहिती दडवून नव्या तारखेने पहिलाच अर्ज म्हणून भरणे हा गुन्हा आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 नुसार खोट्या माहितीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल, तर त्यावरही जुनीच तारीख राहते. म्हणून नवा पासपोर्ट हाती आल्यावर, प्रवासापूर्वी, संबंधित देशाच्या दूतावासाकडे त्या व्हिसाबाबत विचारणा करावी लागते.