फोटोतली बॅटरी बनावट कशी ओळखतात

लॅपटॉपची बदली बॅटरी ऑनलाइन मागवली की पुष्कळ ग्राहक ती बसवण्याआधी तिचे फोटो दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवतात. त्यावर येणारं उत्तर साधारण असं असतं: “फोटोंवरून ही बॅटरी डुप्लिकेट वाटते. लेबलावरचे ६६०० एमएएच आणि ४८ वॅट-अवर हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. काट्यावर वजन २४० ग्रॅम दिसतंय, तेही कमी आहे. आर-क्रमांक कुठेच नाही. बसवू नका, परतीची मुदत संपायच्या आत परत करा.” या चार-पाच ओळींमागे बरंच गणित असतं.

सुरुवात लेबलापासून होते. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार म्हणजे तिच्यात साठणारी ऊर्जा, म्हणजेच वॅट-अवर. जुन्या मूळ बॅटरीवर ११.१ व्होल्ट, ४४०० एमएएच आणि ४८ वॅट-अवर असं छापलेलं होतं. ४४०० एमएएच म्हणजे ४.४ अँपिअर-अवर, त्याला ११.१ ने गुणलं की ४८.८ येतात, म्हणजे हिशेब जुळतो. नव्या बॅटरीवर व्होल्ट तेवढेच, पण क्षमता ६६०० एमएएच. मग वॅट-अवर ७३ च्या आसपास हवेत, आणि छापलेत मात्र ४८. लेबल बनवणाऱ्याने मूळ लेबलाची नक्कल केली, गिऱ्हाईक ज्या आकड्याकडे बघतं तेवढा वाढवला आणि दुसरा तसाच ठेवला, असाच याचा सरळ अर्थ निघतो. सहा सेलच्या बॅटरीत ६६०० एमएएच मुळीच बसत नाहीत असं नाही. चांगल्या प्रतीचे महाग सेल वापरले तर बसतात. संशय येतो तो दोन आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या बॅटरीवर १०.८ व्होल्ट आणि नवीवर ११.१ असतील तर तेवढ्यावरून बॅटरी बनावट ठरत नाही. एका सेलचा दाब कोणी ३.६ व्होल्ट धरतं, कोणी ३.७, तीन सेल एकापुढे एक जोडले की हे दोन आकडे येतात. तसंच दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली बॅटरीही बनावट नसते. मूळ कंपनीचं नाव लावून किंवा खोटी क्षमता छापून विकलेली बॅटरी हीच खरी बनावट.

वजनाचा पुरावा त्याहून बोलका आहे. अशा बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल असतात, आणि चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सहा सेलचे २७० ग्रॅम झाले. प्लास्टिकचं कवच आणि आतलं सर्किट धरून बॅटरी तीनशेच्या वर जायला हवी. २४० ग्रॅम म्हणजे नुसत्या सेलच्या वजनापेक्षाही कमी. कवच-सर्किटचे साधारण ६० ग्रॅम वजा केले तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ३० ग्रॅम येतात. सेलमध्ये वीज साठवणारा माल भरलेला असतो. तो कमी भरला की सेल हलका होतो आणि क्षमताही त्याच मापाने घटते.

आर-क्रमांक ही भारतातली खूण. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हे मानक आणि ‘R-’ नंतर आठ अंक असावे लागतात. ब्युरोच्या ‘BIS Care’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नुसता क्रमांक असून भागत नाही, कारण तोही दुसऱ्याच्या लेबलावरून उचलता येतो. ॲपमधलं नाव लेबलावरच्या उत्पादकाशी जुळतं का, हे पाहावं लागतं.

तरीही चिठ्ठीत ‘वाटते’ असाच शब्द असतो, आणि तो योग्यच आहे. फोटोत सेल दिसत नाहीत. जास्त चार्जिंग आणि उष्णता थोपवणारं सर्किट चांगलं की टाकाऊ, तेही दिसत नाही. शिवाय विक्रेत्याच्या पानावरचा फोटो अस्सल बॅटरीचा असून खोक्यातून वेगळाच माल निघू शकतो. म्हणून हातात आलेल्या बॅटरीचेच फोटो मागितले जातात.

बॅटरी आधीच बसवून झाली असेल, तर विंडोजमध्ये पुढची आज्ञा देऊन अहवाल काढता येतो:

```
powercfg /batteryreport
```

त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता दिसते. पण हे आकडे बॅटरीतली चिपच सांगते आणि बनावट बॅटरीच्या चिपमध्ये हवे ते आकडे भरता येतात. त्यापेक्षा पूर्ण चार्ज करून, नजरेसमोर ठेवून, लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघणं जास्त खात्रीचं. लॅपटॉप सरासरी १५ वॅट खात असेल तर ४८ वॅट-अवरची नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास टिकते. ती दीड तासातच बंद पडली, तर तिच्यात २२-२३ वॅट-अवरच होते.