महिला सभेच्या फोटोंची चार चौकटींची गोष्ट

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुसद तालुक्यातल्या आमच्या गावी अशाच एका सभेत बायांनी बंद हापशीचा विषय लावून धरला आणि दुरुस्तीची तारीख रजिस्टरमध्ये लिहून घेतली. गटातल्या एका मुलीने मोबाइलवर 37 फोटो काढले. सभेला न आलेली शेजारीण ते पाहून म्हणाली, "सगळ्या दिसल्या, पण झालं काय?" फोटोत बोलणे उमटत नाही ना! म्हणून त्या फोटोंची आम्ही चित्रकथा केली.

दिल्लीच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने, शरद शर्मांच्या पुढाकाराने, गावातल्या साध्या माणसांनी काढायची चार चौकटींची भिंतीवरची चित्रकथा रुजवली. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, प्रत्येकावर दोन चौकटी. झेरॉक्स काढली की झाले. आम्ही तोच आकार धरला.

आधी फोटो वेळेप्रमाणे लावले. बहुतेकांत बाया नुसत्या बसलेल्या. गोष्ट जिथे वळते तेवढेच ठेवले: आजी उठून बोलतात, ग्रामसेवक "बघू" म्हणतात, चष्मेवाली जुना अर्ज काढते, तारीख लिहिली जाते. शेवटच्या क्षणाचा फोटोच नव्हता. फोटो काढणारीसुद्धा रजिस्टर बघायला धावली होती! ती चौकट आम्ही मनाने काढली, पण चेहरे दुसऱ्या फोटोंतून घेतले.

फोटो चौकटीच्या मापाचा छापून घ्यावा, त्यावर पातळ कागद धरून दिवसा खिडकीच्या काचेला टेकवावा आणि फक्त बाहेरची रेघ गिरवावी. फोटोत डोकी वरच्या कडेला चिकटलेली असतात, मग फुग्याला जागा उरत नाही. म्हणून गिरवण्याआधी कागद थोडा वर सरकवा. माणसे खाली येतात, वरचा तिसरा भाग मोकळा राहतो.

खरी अडचण ओळखीची. फोटोत आजींचे लुगडे हिरवे, चष्मेवालीची साडी लाल. झेरॉक्समध्ये दोन्ही सारख्याच करड्या झाल्या. शिवाय आजींच्या डोक्यावर एका फोटोत पदर, दुसऱ्यात नाही. मग वेगळ्या कागदावर प्रत्येकीचे एक चित्र काढून ठेवले: आजींच्या लुगड्याला जाड काठ आणि हातात काठी, चष्मेवालीच्या साडीवर ठिपके आणि लांब वेणी, ग्रामसेवकांच्या खिशाला पेन. उंचीही शेजारी शेजारी उभे करून ठरवली. प्रत्येक चौकट त्या कागदाशी ताडून पाहायची. फोटोत काहीही असो, आजींचा पदर चारही चौकटींत डोक्यावरच ठेवला.

एक गंमत सांगते. एका फोटोत आजी डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, कारण मुलगी मध्येच पलीकडे जाऊन उभी राहिली. वाचणारीला वाटते, माणसांनी जागा बदलल्या. आम्ही तो फोटो मोबाइलवर आडवा उलटवून घेतला. जागा जुळली, पण सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर गेले आणि फलकावरची अक्षरे उलटी झाली! पदर आणि फलक मग हाताने सुधारावे लागले.

फुग्यात अक्षरे आधी, फुगा नंतर. आधी फुगा काढला की शेवटचा शब्द कडेला चेंगरतो. आपल्या लिपीत वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त ठेवा. एका फुग्यात दहा-बारा शब्द पुरेत. जी आधी बोलते तिचा फुगा डावीकडे आणि वर, आणि शेपूट तिच्या तोंडाकडे वळलेले. बोली आम्ही आपलीच ठेवली: "हापशी दोन महिन्यांपासून बंद आहे जी. आमाले तारीख सांगा." ग्रामसेवकांचे "बघू" मात्र एकटेच, मोठ्या रिकाम्या फुग्यात.

इथे माझीच चूक झाली. तारीख मागितल्याचे वाक्य मी चष्मेवालीच्या तोंडी घातले, कारण तिचा चेहरा फोटोत छान आला होता. कच्चा कागद गटात वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मी नाही बोलली ते, आजी बोलल्या. उद्या लोक मलेच विचारतील." फुगा पुसून शेपूट आजींकडे वळवले. तेव्हापासून ज्यांचे चित्र आहे त्यांना आधी वाचून दाखवतो, ग्रामसेवकांनाही. ज्या बाईला चेहरा नको होता, तिला आम्ही पाठमोरी काढली.

छापण्याआधी एक परीक्षा घ्या. फुगे हाताने झाका आणि सभेला न आलेल्या बाईला विचारा, यातल्या आजी कोणत्या? आमच्या शेजारणीने तिसऱ्या चौकटीत चुकीच्या बाईवर बोट ठेवले. आजींची काठी काढायची राहून गेली होती. ती काढली, आणि मग झेरॉक्स हापशीजवळच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावली.