P पर्यंत जायच्या दोन वाटा

पोलीस भरतीचा किंवा तलाठी भरतीचा जुना पेपर उघडला, तर बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात या धाटणीची एखादी ओळ बहुधा सापडते:

B, D, G, ?, P, V

प्रश्नचिन्हाच्या जागी कोणतं अक्षर येईल, एवढंच विचारलेलं असतं. अक्षरांकडे नुसतं टक लावून काही सुचत नाही. त्यांचे क्रमांक मांडावे लागतात: २, ४, ७, रिकामी जागा, १६, २२. दर वेळी A पासून बोटं मोजायला वेळ नसतो, म्हणून क्लासची मुलं EJOTY हा काहीही अर्थ नसलेला शब्द पाठ करून ठेवतात. E पाचवं, J दहावं, O पंधरावं, T विसावं, Y पंचविसावं. V हवं असेल तर T च्या पुढे दोन घरं, म्हणजे २२.

आता अंतरं बघू. B पासून D दोन, D पासून G तीन, आणि शेवटी P पासून V सहा. अंतरं वाढत चालली आहेत हे कळलं. मधल्या दोन उड्या माहीत नाहीत, पण दोन्ही मिळून किती हे माहीत आहे: G पासून P नऊ. दोन, तीन, मग कुठल्या तरी दोन संख्या, मग सहा, आणि त्या दोन संख्यांची बेरीज नऊ. चार आणि पाच सहज बसतात. G च्या पुढे चार घरं म्हणजे K.

मधली जागा रिकामी असली की मुलं बिचकतात. शेवटची जागा रिकामी असलेली माला त्यांना सोपी वाटते. माझं मत उलटं आहे. शेवटचं अक्षर काढणं म्हणजे आतापर्यंत जे चाललं तेच पुढे चालेल असं धरून उडी मारणं. ती बरोबर पडली का हे सांगायला पलीकडे कोणी नसतं. मधल्या अक्षराला दोन्ही बाजूंनी साक्षीदार असतात. K चूक असतं तर P ने लगेच सांगितलं असतं.

मात्र ही बेरजेची युक्ती एका चुकीपुढे टिकत नाही. G ते K मोजताना काही जण G सुद्धा धरतात आणि पाच म्हणतात. शेवटचं अक्षर काढायचं असेल तर हे खपून जातं, कारण सगळीच अंतरं एकाने वाढतात आणि नियम तसाच राहतो. मधली जागा काढताना मात्र घोळ होतो. या पद्धतीने G ते P दहा येतात, पण G ते K पाच आणि K ते P सहा, म्हणजे बेरीज अकरा. K दोनदा मोजला गेला. बेरीज एकाने चुकत असेल तर नियम शोधत बसण्याआधी आपली मोजणी तपासावी. क्रमांकांची वजाबाकी केली तर हा प्रश्न उरतच नाही.

उतरत्या अंतरांची माला याच रीतीने सुटते: A, H, N, ?, W, Z. क्रमांक १, ८, १४, रिकामी जागा, २३, २६. अंतरं सात, सहा, मग दोन अज्ञात, शेवटी तीन. N पासून W पुन्हा नऊच, पण इथे अंतरं उतरती, म्हणून आधी पाच आणि मग चार. उत्तर S. पहिल्या मालेत नऊची फोड चार-पाच होती, इथे पाच-चार. बेरीज तीच, क्रम शेजाऱ्यांनी ठरवला. याच मालेत Z नंतरचं अक्षर विचारलं तर पुढचं अंतर दोन, म्हणजे २८. सव्वीसच्या पुढे गेलो की सव्वीस वजा करायचे, Z नंतर पुन्हा A. उत्तर B. (मराठी मुळाक्षरांवर असाच प्रश्न घालायचा तर क ते म पंचवीस व्यंजनं छान चालतील; पुढे गोल फिरताना मात्र ळ, क्ष, ज्ञ धरायचे की नाही, हे पेपर काढणाऱ्याला आधी सांगावं लागेल.)

आलटून-पालटून येणारी अंतरं जरा वेगळी वागतात. C, E, I, ?, O, Q, U घ्या. क्रमांक ३, ५, ९, रिकामी जागा, १५, १७, २१. अंतरं दोन, चार, मग अज्ञात, शेवटी पुन्हा दोन, चार. मधले सहा म्हणजे दोन आणि चार, उत्तर K. पण हीच माला एकाआड एक अक्षर घेऊन वाचा. C, I, O, U ही एक साखळी आणि E, ?, Q ही दुसरी, दोन्हींत सहा-सहाची उडी. E पाचवं, Q सतरावं, मधोमध अकरावं, म्हणजे K. दोन अंतरं आळीपाळीने येत असतील तर एकाआड एक अक्षरांमधलं अंतर त्या दोघांच्या बेरजेइतकं एकसारखं होणारच. म्हणून अंतरं लहान-मोठी होत राहिली, किंवा A, D, B, E, C, F सारखी माला पुढे जाऊन मागे येऊ लागली, की साखळ्या सुट्या कराव्यात.

तरी अशा माला जड जातात, आणि त्याचं कारण अभ्यासलं गेलं आहे. हर्बर्ट सायमन आणि केनेथ कोटोव्हस्की या अमेरिकन संशोधकांनी १९६३ साली अक्षरमालांवर एक शोधनिबंध लिहिला. (हेच सायमन पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे.) माला सोडवणारा माणूस आधी नमुना किती अक्षरांनी परत येतो ते शोधतो, नियम त्यानंतर, आणि वर्णमालेतल्या जितक्या जागा एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात तितकी माला अवघड होते, अशी त्यांची मांडणी होती. दोन साखळ्या म्हणजे दोन जागा ध्यानात ठेवणं आलं. कच्च्या कागदावर दोन ओळी केल्या की तो भार उतरतो.

आता मालेच्या लांबीचा प्रश्न. A, B, D, ? असं विचारलं तर काय सांगाल? अंतरं एक, दोन, मग तीन म्हटलं तर G. दुप्पट होतात असं धरलं, एक, दोन, चार, तर H. दोन्ही बरोबर. गंमत म्हणजे दोन्ही वाटा P ला पोचतात: A, B, D, G, K, P आणि A, B, D, H, P. शेवटी P दिसलं म्हणून नियम कळला असं होत नाही. मध्ये किती घरं आहेत ते मोजावं लागतं. A, B, D, ?, P असेल तर D पासून P बारा, त्याची चार आणि आठ अशी फोड होते, उत्तर H. तीन आणि चार घेतले तर K वरच थांबतो.

A, B, D, G, ? सुद्धा पक्कं नाही. अंतरं एक, दोन, तीन, चार धरली तर K. पण प्रत्येक अंतर आधीच्या दोन अंतरांची बेरीज असेल, म्हणजे एक, दोन, तीन, पाच, तर L. पर्यायांत या दोहोंपैकी एकच दिलेला असेल तर सुटलो. दोन्ही असतील तर तो प्रश्न हरकतीच्या लायकीचा आहे.

पाच अक्षरं दिली म्हणूनही खात्री नाही. A, B, D, H, P, ? यात दुपटीने जाणारा ३२ काढेल, सव्वीस वजा करेल आणि F लिहील. पण एक वर्तुळ काढा, परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाला रेषेने जोडा, आणि तीन रेषा आत एकाच ठिकाणी छेदू देऊ नका. एका बिंदूला वर्तुळाचा एकच भाग असतो, दोन बिंदूंना दोन भाग, तिघांना चार, चौघांना आठ, पाचांना सोळा. सहावा बिंदू घेतला की बत्तीस नव्हे, एकतीस भाग होतात. एकतीस म्हणजे E. अंतरं एक, दोन, चार, आठ, पंधरा. नियम तितकाच खरा, फक्त आडवळणाचा. उत्तरपत्रिकेत मात्र गोल F चाच काळा करावा.