‘दादा, सगळं उडालं!’

एडिटिंग शिकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ट्रान्झिशनचा असतो. कॅमेरा गर्रकन फिरतो आणि माणूस कोल्हापुरातून थेट गोव्यात पोचतो, ते कसं करायचं? मिरजेहून आलेल्या एका मुलानेही तेच विचारलं. लग्नाच्या शूटिंगला लाइट धरायचं काम करायचा, आणि सहा महिन्यांत स्वतःची कामं घ्यायची होती. खर्च नको म्हणून डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घेतली. सुरुवातीला ती भरपूर पुरते.

पहिल्याच आठवड्यात रात्री फोन आला. ‘दादा, सगळं उडालं!’ बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ त्याने थेट पेनड्राइव्हवरून एडिट केला होता. पेनड्राइव्ह काढला आणि टाइमलाइनवर जिकडेतिकडे Media Offline. उडालं काहीच नव्हतं. सॉफ्टवेअर व्हिडिओ पोटात घेत नाही, फाइल कुठे आहे एवढाच पत्ता लिहून ठेवतं. पेनड्राइव्ह परत लावला, सगळं जागेवर आलं. पण पहिला महिना मग याच कामाला दिला: फुटेज, आवाज, संगीत आणि तयार फाइल यांचे वेगळे फोल्डर, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एडिट करायचं ते फक्त साध्या कटवर. ट्रान्झिशनला हात लावायचा नाही. पोरगं वैतागलं, पण टिकलं.

पुढचे दोन महिने एकाच मुलाखतीत गेले, आणि खरं शिक्षण तिथे झालं. मिरज तंतुवाद्यांचं गाव. तिथल्या एका वयस्कर कारागिराशी चाळीस मिनिटं गप्पा मारून तो आला. त्यातून आठ मिनिटं काढायची होती. आधी त्याला संगणकापासून उठवलं. बोलणं वेळेसकट कागदावर उतरवायला लावलं आणि ठेवायच्या वाक्यांखाली रेघा मारायला सांगितलं. त्यातून पंधरा मिनिटांचा कच्चा कट निघाला. तो डोळे मिटून ऐकायचा, कारण गोष्ट कुठे रेंगाळते ते कान आधी सांगतात. दोन वाक्यं जोडली की चेहरा टुणकन उडतो, तिथे भोपळा घासणारे हात टाकले. घासण्याचा खरखर आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू केला. याला जे-कट म्हणतात. असं केलं की प्रेक्षकाला जोड जाणवत नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. वाक्यांमधल्या मोकळ्या जागी आवाज एकदम मरत होता, जणू कोणी प्लग उपटला. खोलीला स्वतःचा एक बारीक आवाज असतो. शूटिंगच्या वेळी सगळ्यांनी गप्प बसून तो अर्धं मिनिट रेकॉर्ड करायचा आणि अशा फटींत भरायचा. त्याने केला नव्हता. नशिबाने म्हातारबुवा बोलायला लागण्याआधी बराच वेळ तपकीर शोधत बसले होते. तेवढा तुकडा कामी आला.

मग ओठ आणि आवाजाची फारकत. चित्र मोबाइलवर होतं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीची टाळी अगदी बरोबर जुळलेली, पण शेवटाकडे ओठ मागे पडलेले. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल, तर सरकवून जुळवता येतो. हळूहळू वाढत गेला, तर संशय फ्रेमरेटवर घ्यायचा. मोबाइल प्रकाशानुसार मधूनमधून सेकंदाला कमीजास्त फ्रेम टिपतो, आणि मिडियाइन्फोमध्ये Variable असं दिसतं. त्याचं तेच निघालं. हँडब्रेकमध्ये Constant Framerate निवडून नवी फाइल काढली आणि मगच ती एडिटला घेतली. उरलेला किंचित फरक मुलाखतीचे तुकडे करून सरकवल्यावर गेला.

चौथ्या महिन्यात रंग आणि सबटायटल्स झाली. रंगांत नवशिक्याने त्वचा माणसासारखी दिसेल एवढंच सांभाळावं.

पाचव्या महिन्यात ही आठ मिनिटं दाखवून पहिलं काम मिळालं: एका दुकानाचा व्हिडिओ, तीन हजार रुपये. तास लिहून ठेवायला सांगितलं होतं. फुटेज लावण्यात दोन गेले, कट आणि आवाजात अकरा, आणि ‘जरा हे बदला’ मध्ये सात. एकूण वीस, म्हणजे तासाला दीडशे रुपये. त्यातून वीजबिल आणि डिस्कचा खर्च वेगळाच. बदलांचे सात तास कुठे ठरलेच नव्हते. मालकाच्या मेहुण्यालाही सूचना करायच्या होत्या.

सहाव्या महिन्यात तो नवं सॉफ्टवेअर शिकला नाही, निरोप लिहायला शिकला. पुढच्या दुकानदाराला पाठवलं: ‘एक व्हिडिओ, दोन मिनिटांपर्यंत. निम्मी रक्कम आधी. बदल दोन वेळा, तेही एकाच माणसाकडून, एकत्र लिहून. त्यापुढच्या प्रत्येक वेळेचे वेगळे पैसे. संगीत परवान्याचं वापरेन, तुमच्या आवडीचं सिनेमातलं गाणं चालणार नाही.’

दुपारी उत्तर आलं. ‘मान्य. ॲडव्हान्स पाठवलाय. फक्त लोगो जरा मोठा घ्या.’ अजून फुटेजसुद्धा आलं नव्हतं.