तोटा खरा की कागदावरचा? ‘गार’ समजून घेऊया

आज ‘गार’ म्हणजे जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल्स. व्यवहार कागदावर कसा दिसतो ते बाजूला ठेवून त्यात खरंच काय घडलं ते बघायचं, हा यातला मूळ विचार. एका उदाहरणाने सुरुवात करू. आकडे मी सोपे घेतलेत.

समजा, एकाला दुसरीकडे शेअर विकून 100 कोटींचा नफा झालाय. 20 टक्क्यांनी कर 20 कोटी. वर्ष संपायच्या आत तो आपल्याच ग्रुपमधल्या कंपनीचे 1 कोटी शेअर 120 रुपयांनी घेतो, म्हणजे 120 कोटी घातले. लगेच ती कंपनी एकाला पाच बोनस देते. शेअर झाले 6 कोटी, भाव उतरला 20 रुपयांवर. एकूण किंमत तेवढीच, 120 कोटी. एकाच भाकरीचे सहा तुकडे केले, एवढंच!

गंमत पुढे आहे. कायद्यात बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात, सगळे 120 कोटी मूळ शेअरांवरच राहतात. म्हणून तो फक्त मूळ 1 कोटी शेअर 20 रुपयांनी विकतो आणि 100 कोटींचा तोटा दाखवतो. नफा वजा तोटा शून्य, कर शून्य. 100 कोटींचे बोनस शेअर मात्र त्याच्याच हातात. (ते कधी विकले तर तेव्हा कर लागेल हे खरं. पण कधी विकायचे, हे तोच ठरवणार.)

साधारण याच धाटणीचं प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयात गेलं होतं, जून 2024 मध्ये निकाल लागला. करदात्याचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. बोनस स्ट्रिपिंगसाठी कायद्यात वेगळं कलम आहे आणि त्या वेळी ते म्युच्युअल फंडाच्या युनिटांनाच लागू होतं, शेअरांना नाही. मग विशेष कलम असताना सर्वसाधारण ‘गार’ कशाला? न्यायालयाने ते मानलं नाही. व्यवहारात व्यापारी अर्थच नसेल तर ‘गार’ लावता येतं, असं म्हटलं. पुढे कलमातली पळवाट शेअरांसाठीही बुजवली गेली, पण ती 2022 च्या दुरुस्तीने. माझ्या मते करदात्यांना खरी धास्ती इथे आहे: विशेष कलमाच्या बाहेर राहिलात म्हणून सुटलात असं नाही.

मग पीपीएफमध्ये पैसे टाकून कर वाचवला तर? नाही हो, ती सवलत कायद्यानेच दिलीय. शिवाय एका वर्षात सगळ्यांचा मिळून करलाभ 3 कोटींच्या वर गेला तरच ‘गार’ लागतं. आणि नुसता कर वाचवणं हा मुख्य हेतू असून भागत नाही. जोडीला व्यवहारात व्यापारी अर्थ नसणं, कायद्याचा गैरवापर, अनोळखी माणसाशी कोणी केला नसता असा सौदा, असं काहीतरी दिसावं लागतं. वरच्या उदाहरणात म्हणूनच पहिला प्रश्न असा येईल: 20 रुपयांनी ते शेअर घेतले कोणी, आणि त्याच्याकडे पैसे आले कुठून?